आठवणीतला १५ ऑगस्ट आणि कागदावरचा १७ डिसेंबर : फाळणीच्या साक्षी कशा लिहायच्या?

ऑगस्ट उजाडला की फाळणी पुन्हा बातम्यांत येते. २०२१ पासून केंद्र सरकार १४ ऑगस्ट हा 'विभाजन विभीषिका स्मृती दिन' म्हणून पाळतं. शाळा-महाविद्यालयांत फलक लागतात, रेल्वे स्टेशनांवर प्रदर्शनं भरतात, आणि नाशिकच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर देवळाली कॅम्पातल्या कुठल्यातरी सिंधी आजी-आजोबांचा दीड मिनिटांचा व्हिडिओ फिरू लागतो. त्याखालच्या प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. एक गट म्हणतो, बघा, हे आपल्याला शिकवलंच नाही. दुसरा म्हणतो, म्हाताऱ्या माणसाचं काय धरून बसता, तारखासुद्धा जुळत नाहीत. व्हिडिओतली आजी मात्र दोघांच्याही हिशेबातून सुटते.

हल्ली बरीच मुलं-मुली अशा साक्षी टिपायला जातात. कुणाचा कॉलेजचा प्रकल्प असतो, कुणाला दिवाळी अंकात लेख लिहायचा असतो, कुणाला फक्त आपल्या घरचं जपून ठेवायचं असतं. त्यांच्याकडून एक प्रश्न वारंवार येतो : समोरचं माणूस डोळ्यांत पाणी आणून सांगतंय आणि सांगितलेलं पुस्तकातल्या तारखेशी जुळत नाही, तेव्हा लिहायचं काय? या एकाच प्रश्नाबद्दल हा लेख आहे. उदाहरण सिंधचं घेतलं आहे, कारण नाशिककरांच्या सगळ्यात जवळची फाळणी तीच आहे.

सिंधी माणूस देवळालीत आला कसा?

पंजाब आणि बंगाल हे प्रांत मधोमध कापले गेले. सिंध कापला गेला नाही, तो सगळाच पाकिस्तानात गेला. त्यामुळे सिंधी हिंदूंना 'इकडचा सिंध' असा उरलाच नाही. पंजाबातून उठलेल्याला निदान पूर्व पंजाब होता, भाषा तीच, पिकं तीच. सिंधमधून उठलेल्याने जायचं कुठे? सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता, व्यापाराचे आणि शिक्षणाचे धागे मुंबईशी जुळलेले होते, म्हणून हजारो कुटुंबांनी कराची बंदरातून मुंबईची बोट धरली. काही जण रेल्वेने राजस्थानमार्गे आले.

मुंबई शहरात एवढ्यांची सोय लागणार नव्हती. महायुद्ध संपल्यामुळे लष्कराचे मोठमोठे कॅम्प रिकामे पडले होते, तिथे माणसं पाठवण्यात आली. कल्याणजवळचा कॅम्प पुढे उल्हासनगर झाला. कोल्हापूरजवळ वळिवड्याला युद्धकाळात पोलिश निर्वासित राहत होते, त्यांच्या वसाहतीत सिंधी आले आणि ती गांधीनगर झाली. ब्रिटिश सैनिकांचा जुना मुक्काम असलेल्या देवळालीच्या बराकींतही कुटुंबं येऊन उतरली.

आता लेखकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट. सिंधमधली फाळणी पंजाबसारखी घडली नाही. १९४७च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पंजाब जळत होता तेव्हा सिंध त्या मानाने पुष्कळच शांत होता. भीती होती, अफवा होत्या, लोक निघूही लागले होते, पण मोठा लोंढा नंतर निघाला. १७ डिसेंबर १९४७ ला सिंधमधल्या हैदराबादेत दंगल झाली. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत झाली, तिची सुरुवात एका गुरुद्वाऱ्यात आसऱ्याला आणलेल्या शिखांवरच्या हल्ल्याने झाली. त्यानंतर मात्र बोटींवर जागा मिळेना.

या दोन तारखा लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यांच्या आधाराने उलगडायचं आहे.

साक्ष म्हणजे काय?

इथे 'साक्ष' हा शब्द कोर्टातल्या अर्थाने घेतलेला नाही. घडलेल्या गोष्टीतून गेलेल्या माणसाने आपल्या तोंडून सांगितलेली हकीकत, ती साक्ष. अशा हकीकती पद्धतशीर टिपून, पडताळून त्यांवरून इतिहास लिहिणं याला मौखिक इतिहास म्हणतात. एवढे दोन शब्द पुरेत.

एक साक्ष पाहू. खालची आजी मी रचलेली आहे, कुणा एकीची ही कहाणी नव्हे. अशा हकीकतींत जे नेहमी येतं तेच तिच्या तोंडी घातलं आहे. तिच्याभोवतीच्या घटना आणि तारखा मात्र खऱ्या आहेत.

आजींचा जन्म १९४१ चा, हैदराबाद सिंधमधल्या हिराबादचा. वडिलांचं कापडाचं दुकान. त्या सांगतात :

"पंधरा ऑगस्टला दंगल झाली. रात्री मुसलमान आले, दुकान लुटलं. नेसत्या कपड्यांनिशी आम्ही कराचीला पळालो. तिथे प्रेतांनी भरलेली आगगाडी मी बघितली. मग बोट. बोटीवर वारा इतका, की आई सारखी म्हणायची, शाल घट्ट ओढ. मुंबईला उतरलो तर धक्क्यावर माणसं रडत होती. बापू गेले म्हणून. तिथून गाडीत घालून देवळालीला आणलं. तीन मजली घर सोडून आलेली माणसं आम्ही, इथे एका बराकीत चार कुटुंबं, मध्ये गोणपाटाचे पडदे."

नऊ-दहा वाक्यं. यातलं जसंच्या तसं छापलं तर वाचणारा हेलावेल आणि त्याची समजूत चुकीची होईल. चुकांवर बोट ठेवून बाजूला सारलं, तर या नऊ वाक्यांत जे दुसरीकडे कुठेच मिळणार नाही तेही हातचं जाईल.

म्हाताऱ्या माणसाची उलटतपासणी करायची? हा अपमान नाही का?

हा आक्षेप सगळ्यात आधी येतो आणि तो रास्त आहे. समोर बसून "आजी, पण पंधरा ऑगस्टला तर तिथे दंगल नव्हती" असं म्हणणं हा अपमानच आहे, शिवाय त्याचा उपयोगही नाही. पुढची सगळी हकीकत त्या एका वाक्याने आखडून जाते. पडताळणी घरी बसून करायची, त्यांच्यापुढे नाही. त्यांच्यासमोर आपण फक्त प्रश्न बदलायचा.

तारीख विचारू नका. सहा वर्षांच्या मुलाला तारीख माहीत नसते. जी सांगितली जाते ती नंतर कधीतरी चिकटलेली असते. त्याऐवजी सगळ्या देशाला माहीत असलेल्या घटनेचा खुंटा धरायचा : "गांधीजी गेले तेव्हा तुम्ही कुठे होता?" "देवळालीत आलात त्यानंतर पहिला पाऊस कधी लागला?" "लहान भावाचा जन्म तिकडचा की इकडचा?" शरीराला जे जाणवलं ते विचारायचं : थंडी होती का, पायांत काय होतं, बोटीवर खायला काय मिळालं. "दंगलीत काय पाहिलंत?" असं विचारलं तर दंगलच मिळणार. "घर सोडलं त्या सकाळी स्वयंपाकघरात काय चाललं होतं?" असं विचारलं की चूल, डबे, शेजारीण, कुलूप असं एकेक बाहेर येतं, आणि त्यात कधीकधी दंगल असते, कधी नसतेही.

आता आजींची वाक्यं घेऊ. शाल आणि वारा म्हणजे थंडीचे दिवस, ऑगस्ट नव्हे. धक्क्यावर गांधीहत्येची बातमी म्हणजे ३० जानेवारी १९४८ च्या आसपासचे दिवस. कराची ते मुंबई बोटीने दोनेक दिवस लागत. तेव्हा हे कुटुंब जानेवारीच्या अखेरीस निघालं असावं आणि दुकान बहुधा १७ डिसेंबरच्या दंगलीत लुटलं गेलं असावं. मधले महिना-सव्वा महिना कराचीत बोटीची वाट बघण्यात गेले, म्हणजे ६ जानेवारीला ते तिथेच असण्याचा संभव आहे. हे त्या बोलल्याच नाहीत. पुढच्या भेटीत "कराचीत कुणाकडे उतरला होता?" एवढंच विचारायचं. तिथे कदाचित एक अख्खी वेगळी कहाणी निघेल.

पण एक सावधगिरी. गांधीहत्येसारखी आठवणसुद्धा नंतर चिकटू शकते. मोठा धक्का बसलेला क्षण माणसाला लख्ख आठवतो आणि तरीही त्यातला तपशील चुकीचा असू शकतो. म्हणून एका खुंट्यावर तंबू उभारायचा नाही. शाल आणि बापू दोघं एकाच महिन्याकडे बोट दाखवतात म्हणून थोडा विश्वास बसतो. घरात १९४८च्या मुंबई निर्वासित कायद्याखालच्या नोंदणीचा कागद किंवा जुनं रेशनकार्ड सापडलं तर आणखी.

मग पंधरा ऑगस्ट आला कुठून?

खोटं बोलायचं म्हणून तर नक्कीच नाही. दरवर्षी झेंडा, भाषण, आणि आता त्याच्या आदल्या दिवशी स्मृती दिन. आयुष्यभर सगळ्यांनी फाळणीची तारीख हीच सांगितली. आपलं घर सुटलं ती तारीख हीच असणार, असं मनाने जुळवून घेतलं. मौखिक इतिहासाचे इटालियन अभ्यासक अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी असाच एक घोटाळा अभ्यासला होता. तेर्नी नावाच्या पोलाद कारखान्याच्या गावात १९४९ साली नाटो कराराविरुद्धच्या निदर्शनात एक तरुण कामगार पोलिसांच्या हातून मारला गेला. गावातले कितीतरी लोक मात्र ठासून सांगत की तो १९५३ साली कामगारकपातीविरुद्धच्या लढ्यात मेला. पोर्तेल्लींनी चूक सुधारली आणि पुढचा प्रश्न विचारला : इतक्या लोकांनी मृत्यू चार वर्षं पुढे का सरकवला? कारण गावाच्या लेखी खरी लढाई कपातीविरुद्धची होती, मृत्यूला मोल तिथे होतं.

आजींची प्रेतांची आगगाडी अशीच तपासायची. तशा गाड्या खऱ्याच होत्या, पण त्या मुख्यतः पंजाबात, लाहोर-अमृतसरच्या बाजूला. पुढची पन्नास-साठ वर्षं सिनेमा, मालिका, फोटो यांतून ती गाडी इतक्या वेळा दिसली की फाळणी म्हटलं की ती डोळ्यांपुढे येतेच. कराचीत असं काही त्यांनी पाहिलंच नसेल असंही छातीठोकपणे म्हणता येत नाही. तेव्हा विचारायचं : "गाडी कुठे उभी होती? तुमच्यासोबत कोण होतं? कुणी डोळे झाकले का?" पाहिलेल्या गोष्टीला बहुधा कडेचे तपशील असतात : वडिलांचा हात, चपलेतला चिखल, कुणीतरी पाणी मागत होतं. ऐकलेल्या गोष्टीला बऱ्याचदा फक्त मधलं चित्र असतं. हा नियम नाही, अंदाज आहे. कडेचं काहीच मिळालं नाही तर लेखात "त्या सांगतात" असं स्पष्ट लिहायचं आणि सिंधमध्ये परिस्थिती कशी होती ते शेजारीच नोंदवायचं.

म्हणजे शेवटी कागद खरा आणि माणूस खोटा?

नाही. नाशिककराला हे सांगायला एक उदाहरण पुरतं. गोदावरीला पूर आला की गावातला माणूस विचारतो, पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं की छातीला? पाटबंधारे खातं सांगतं, गंगापूर धरणातून इतके क्युसेक सोडले. पूर एकच. क्युसेकवरून रामकुंडावरच्या टपऱ्या कधी हलवायच्या ते कळत नाही आणि मारुतीवरून धरणाची दारं किती उघडायची ते ठरत नाही. साक्ष मारुतीच्या कमरेसारखी आहे.

शिवाय कागदालाही आपल्या खोडी असतात. आजींचं तीन मजली घर घ्या. मागे टाकून आलेल्या मालमत्तेचे दावे निर्वासितांनी १९५० च्या कायद्याखाली दाखल केले, अधिकाऱ्यांनी ते तपासले, आणि पुढे १९५४ च्या कायद्याने भरपाई ठरली. म्हणजे घर किती मजली होतं हे कागदावर कुठेतरी असू शकतं. पण दावा वाढवून लावण्याचा मोह दावेदाराला होता आणि तो कापण्याकडे सरकारचा कल होता, कारण भरपाईची रक्कम मर्यादित होती. तेव्हा कागदावरचा आकडा हा या ओढाताणीनंतरचा आकडा आहे. आणि ज्याच्या नावावर काहीच नव्हतं, दुकानातला नोकर, भाड्याच्या खोलीतली विधवा, तो त्या फायलींत येणारच नाही. त्याचं सगळं फक्त तोंडी आहे.

तारखेचंही तसंच. घटनेच्या सहाव्या कलमानुसार १९ जुलै १९४८ च्या आधी पाकिस्तानातून येऊन इथेच राहिलेला माणूस फारसे सोपस्कार न करता भारतीय नागरिक ठरला, त्यानंतर आलेल्याला नोंदणी करून घ्यावी लागली. एखाद्या तारखेवर इतकं काही अवलंबून असेल तर ती कागदावर आली कशी, हे बघूनच तिच्यावर भरवसा ठेवायचा.

"मुसलमान आले" हे वाक्य लिहायचं कसं?

सगळ्यात अवघड वाक्य हेच. नाशिकमध्ये लिहिताना तर जास्तच, कारण मालेगाव याच जिल्ह्यात आहे आणि लेख दोन्हीकडे वाचला जाणार आहे. एक मोह असतो तो ते गाळण्याचा. ते चूक आहे. आजींचं दुकान लुटलं गेलं, धर्म पाहून लुटलं गेलं, आणि हे दडवणारा लेखक तिच्यावर दुसऱ्यांदा अन्याय करतो. दुसरा मोह ते तसंच मथळ्यात चढवण्याचा.

यातून वाट निघते ती तपशिलातून. कोण आले? किती? ओळखीचे होते का? सिंधच्या हकीकतींत एक फरक पुन्हा पुन्हा ऐकू येतो : इथले आणि नव्याने आलेले. भारतातून, म्हणजे उत्तर प्रदेश, राजस्थान, पंजाब, मुंबई अशा ठिकाणांहून निघालेले मुसलमान निर्वासित तोवर सिंधमध्ये पोहोचले होते. त्यांना मुहाजिर म्हणतात. त्यांतले कित्येक स्वतः घर जळताना पाहून आलेले, राहायला जागा नसलेले. कराचीच्या दंगलीत त्यांचा मोठा वाटा होता. म्हणून "मुसलमान आले" या शब्दांत दोन वेगळे लोक एकत्र बांधले गेलेले असू शकतात. सहा वर्षांच्या मुलीने दाराआडून जमावातली माणसं ओळखली नसणार. ते तिने आई-वडिलांच्या बोलण्यातून उचललं. म्हणून लेखात "जमावात कोण होतं ते त्यांनी पाहिलं नाही, घरात जे बोललं गेलं ते त्या सांगतात" एवढं लिहिलं तरी खरेपणा राहतो.

माझं एक मत इथे सांगतो. हल्ली फाळणीच्या प्रत्येक लेखात हिंदूला लपवणारा एक मुसलमान शेजारी असतोच, जणू ताटात लिंबाची फोड. असे शेजारी होते, पुष्कळ होते, आणि साक्षीत आले तर ते यायलाच हवेत. पण समतोलासाठी म्हणून "तुम्हाला कुणी मदत केली का हो?" असं खोदून विचारून एक शेजारी मिळवायचा, हे मला पटत नाही. आजी म्हणाल्या की कुणीही आलं नाही, तर कुणीही आलं नाही.

मग समतोल म्हणजे काय? दोन्ही बाजूंना सारखी जागा?

सारखी जागा दिली की समतोल झाला, असं वाटणं सोपं आहे. सिंधच्या लेखात अर्धा भाग हिंदूंचा आणि अर्धा मुहाजिरांचा, असं मोजून वाटलं तर लेख उगाच लांबेल. आजींची कहाणी ही आजींचीच राहील. पण तिच्या कहाणीचा एखादा दुवा मुहाजिराशिवाय तुटत असेल, उदाहरणार्थ लोंढा डिसेंबर-जानेवारीतच का वाढला, तर तो दुवा द्यायलाच हवा. मुहाजिराने काय भोगलं हे सांगण्याने त्याने केलेली लूट माफ होत नाही, ती कळते.

समतोलाचा दुसरा भाग लोकांच्या लक्षातच येत नाही : आपल्याला कोण भेटलंच नाही? बोलायला तयार होतात ती बहुतेक पुढे स्थिरावलेली कुटुंबं. 'हाती काही नसताना आलो, पापड-लोणची विकली आणि दुकान उभं केलं' ही कहाणी सांगायला आवडते, ऐकायलाही आवडते. ज्यांचं दुकान उभं राहिलं नाही ते सहसा मुलाखत देत नाहीत. आणि काही जण तर निघूच शकले नाहीत. कराचीतल्या दलित सफाई कामगारांना अत्यावश्यक सेवेच्या नावाखाली पाकिस्तान सरकारने रोखून धरलं. डॉ. आंबेडकरांनी डिसेंबर १९४७ मध्ये नेहरूंना पत्र लिहून पाकिस्तानात अडकलेल्या दलितांचा प्रश्न मांडला होता. थर भागातले मेघवार, कोळी, भील तिथेच राहिले आणि आजही सिंधमध्ये लाखो हिंदू आहेत. "सिंधमधून सगळे हिंदू आले" हे वाक्य देवळालीच्या लेखात सर्रास आढळतं. ते चूक आहे आणि एका ओळीत दुरुस्त होतं.

आकड्यांचंही इथेच उरकतो. फाळणीत किती मेले याचे अंदाज दोन लाखांपासून वीस लाखांपर्यंत जातात. मधला एखादा आकडा उचलून छापू नका, अंदाजांची पट्टीच सांगा. विस्थापितांचं त्यापेक्षा बरं आहे, कारण १९५१ च्या जनगणनेत त्यांची वेगळी नोंद झाली : भारतात सत्तर लाखांहून जास्त आणि पाकिस्तानात जवळपास तितकेच. ही मोजणी १९५१ पर्यंतचीच आहे, बंगालमधले लोक नंतरही येत राहिले. आजींच्या साक्षीला मात्र आकडा जोडण्याची घाई नको. "अशा लाखो आजी" असं लिहिलं की ही आजी नाहीशी होते.

तो मजकूर शेवटी कसा दिसेल?

असा काहीसा :

"हिराबादेतलं कापडाचं दुकान लुटलं गेलं तेव्हा त्या सहा वर्षांच्या होत्या. तो दिवस त्यांच्या आठवणीत १५ ऑगस्ट आहे. हैदराबादेतली दंगल १७ डिसेंबर १९४७ ची. बोटीवर अंगाला घट्ट ओढलेली शाल आणि मुंबईच्या धक्क्यावर 'बापू गेले' म्हणून रडणारी माणसं त्यांना स्पष्ट आठवतात, त्यावरून कुटुंब जानेवारी १९४८ च्या अखेरीस उतरलं असावं. दुकान मुसलमानांनी लुटलं असं घरात बोललं जाई. जमाव त्यांनी स्वतः पाहिला नाही. कराचीत प्रेतांची गाडी पाहिल्याचं त्या सांगतात. तशा गाड्यांच्या नोंदी मुख्यतः पंजाबातल्या आहेत. देवळालीच्या बराकीत चार कुटुंबांमध्ये गोणपाटाचे पडदे होते. रात्री पलीकडच्या बाळाचं रडणं आपल्याच अंथरुणात वाटायचं, असं त्या म्हणतात."

यात आजींना कुठेही खोटं पाडलेलं नाही आणि वाचकालाही फसवलेलं नाही. शेवटचं वाक्य तारखेच्या भानगडीपलीकडचं आहे. असलं वाक्य मिळवायलाच तर जायचं असतं. ते बहुधा पहिल्या भेटीत मिळत नाही, मुलगा शेजारी बसून "आई, तसं नव्हतं" म्हणत असतानाही मिळत नाही. मुलाला चहा आणायला पाठवणं हे या कामातलं एक कसब आहे. भाषेचंही भान हवं. आपल्याशी त्या हिंदीत बोलतील, मंडईतल्या सवयीने मध्येच मराठीत येतील, पण आईचं वाक्य सांगताना सिंधीत जातील. ते वाक्य सिंधीतच टिपून घ्या आणि अर्थ नंतर कुणाकडून तरी समजून घ्या.

आणि त्या रडू लागल्या तर?

रेकॉर्डर बंद करायचा, पाणी द्यायचं, गप्प बसायचं. "तेव्हा तुम्हाला कसं वाटलं?" हा प्रश्न विचारायचाच नाही, तो टीव्हीवाल्यांसाठी सोडा. मुलाखत सगळ्यात वाईट जागी संपवून निघून येऊ नका. उठण्याआधी बोलणं देवळालीतल्या शाळेवर, लग्नावर, नातवंडांवर आणून सोडायचं आणि दुसऱ्या दिवशी फोन करायचा. मागचं काही उकरल्यावर रात्री झोप लागत नाही, हे घरच्यांना आधी सांगून ठेवावं.

संमतीबद्दल लोक फार सैल असतात. "हो हो, लिहा की" ही चहा पिताना दिलेली परवानगी. काय छापलं जाणार, कुठे, नावासकट की नावाशिवाय, फोटो, आवाज हे सगळं माहीत झाल्यावरचा होकार वेगळा. व्हिडिओ नातवाने ग्रुपवर टाकला की तो परत घेता येत नाही, हेही सांगायला हवं. म्हणून रेकॉर्डिंग पुढे पाठवायचं नाही, हे आधीच ठरवून टाकलेलं बरं.

सगळ्यात जपायचं ते तिसऱ्या माणसाला. आजी बोलता बोलता म्हणतील, "शेजारची अमकी मागे राहिली, म्हणे तिकडच्याच एकाशी लग्न लागलं." फाळणीत पळवल्या गेलेल्या बायकांना शोधून परत आणण्यासाठी भारताने १९४९ मध्ये कायदा केला होता, आणि त्याखाली काहींना त्यांच्या मनाविरुद्धही परत आणलं गेलं. कित्येकींच्या घरांत हे कधी बोललंच गेलं नाही. त्या बाईने आपल्याला परवानगी दिलेली नाही. तिची मुलं-नातवंडं कुठेतरी आहेत. नाव बदललं तरी गल्ली, दुकान, भावांची संख्या यांवरून ओळख पटते.

म्हणून छापण्याआधी मजकूर आजींना वाचून दाखवायचा, त्यांना कळेल अशा भाषेत, सावकाश. तारखेबद्दल जे लिहिलंय तेही वाचायचं. बहुतेक वेळा त्या म्हणतात, "असेल, मी लहान होते." कधी म्हणतात, "नाही, पंधरा ऑगस्टच." मग दोन्ही ठेवायचं. एखाद्या जागी "हे नको" म्हणाल्या, तर का, हे न विचारता ती जागा काढायची. आणि तिथे तीन टिंबंही ठेवायची नाहीत, देवळालीतले लोक टिंबांवरूनही ओळखतात.